मुरवायला ठेवलेल्या चीजवर पुसूनही परत परत बुरशी येतेय? आधी डब्याचं झाकण उलटं करून बघा

घरी गौडा, चेडर, टोम असलं हार्ड चीज करून फ्रीजमध्ये मुरवत ठेवणाऱ्या सगळ्यांची एक कम्प्लेंट ठरलेली असते. दोन-तीन आठवडे चीज मस्त दिसतं, मग एक दिवस निळसर हिरवे ठिपके येतात, आपण मीठपाणी-व्हिनेगरने पुसतो, छान वाटतं, चार-पाच दिवसांनी ठिपके परत हजर. परत पुसा, परत येतात. मग कोणी व्हिनेगर वाढवतं, कोणी थेट मीठच चोळतं आणि शेवटी चीज खारट होतं पण बुरशी काही जात नाही.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. हार्ड चीजला साधारण १० ते १३ डिग्री आणि ८० ते ८५ टक्के ह्युमिडिटी लागते आणि नेमकी तेवढ्याच ह्युमिडिटीत पेनिसिलियम जातीची बुरशीपण आरामात वाढते. म्हणजे सालीचं चीज उघडं मुरवायचं आणि बुरशीचा एकही ठिपका नको हे होणार नाही, ती थोडीफार येणारच, कोरड्या ब्रशने झटकली की जाणारच. प्रॉब्लेम ती आली हा नाहीये, पुसल्यावर त्याच जोमाने आठवड्याच्या आत परत येते हा आहे आणि तसं होत असेल तर दहातल्या नऊ वेळा कुठेतरी पाण्याचे थेंब आहेत. ह्युमिडिटी जास्त असणं वेगळं आणि चीजवर पाणी पडणं वेगळं. लोक या दोन्हींना एकच समजतात, तिथेच घोळ होतो.

आता नाशिकच्या माझ्या मावसबहिणीची केस सांगतो, यात जवळजवळ सगळं येतं. तिने गाईच्या १० लिटर दुधाचा गौडा केला होता, १ किलो १०० ग्रॅमचं व्हील. मीठपाण्यातून काढून एक दिवस ओट्यावर सुकवलं आणि २ लिटरच्या एअरटाइट डब्यात प्लास्टिकच्या जाळीवर ठेवलं. कोपऱ्यात ओल्या फडक्याची घडी, कारण सगळ्या रेसिपीत तसंच लिहिलेलं असतं. डबा जुन्या सिंगल डोअर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे बरोब्बर फ्रीजरच्या खाली. रोज न चुकता उलटायची. तिसऱ्या आठवड्यात ठिपके आले आणि मग पुसापुशी सुरू.

मी तिला म्हटलं, आधी पुसू नकोस, फोटो पाठव. फोटोत ठिपके गोल, सुटे सुटे, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे लहान, दोन्ही चपट्या बाजूंवर, आणि कड मात्र एकदम स्वच्छ. हे महत्त्वाचं आहे, बुरशी कुठे आणि कोणत्या आकारात आली हे बघितलं की अर्धं निदान तिथेच होतं. जाळीच्या रेघांचा ठसा असल्यासारखी चौकडीत आली असेल तर खालून ओल आहे, जाळी ओली राहतेय किंवा डब्याच्या तळाशी पाणी साचलंय. फक्त कडेवर एका पट्ट्यात आली असेल तर चीज डब्याच्या भिंतीला टेकतंय. भेगेच्या रेषेत आली असेल तर आधी कधीतरी साल फार सुकून तडकली आहे, ते प्रकरण वेगळं, खाली सांगतो. आणि अशी गोल सुटी नाण्यासारखी, रोज उलटत असल्यामुळे दोन्ही तोंडांवर, म्हणजे वरून थेंब पडतोय. मी तिला झाकण उलटं करून फोटो काढायला सांगितला तर झाकणाला आतून दव साचलेलं, भातावरचं झाकण काढल्यावर दिसतं तसं.

हे दव का येतं? डब्यातली हवा १२ डिग्री आणि ८५ टक्के असेल तर साधारण साडेनऊ डिग्रीला तिचं पाणी होतं. म्हणजे झाकण हवेपेक्षा अडीच डिग्रीने गार झालं की थेंब. पण डबा ९५ टक्क्यांवर असेल तर सव्वाअकरा डिग्रीलाच थेंब, झाकण एक डिग्री गार झालं तरी पुरे. आणि सिंगल डोअर फ्रीजमध्ये गारवा वरून येतो, कंप्रेसर चालू झाला की आधी झाकण गार होतं, चीज नंतर. त्यामुळे दर वेळी कंप्रेसर चालू झाला की झाकणावर थोडं पाणी जमतं, जमता जमता टपकतं, जिथे टपकतं तिथे साल मऊ होते आणि तिथेच ठिपका उठतो. तुम्ही पुसता ते पण ओल्याच फडक्याने, परत बंद डब्यात ठेवता, म्हणजे बुरशीचे बीजाणू सगळीकडे पसरवून वर पाणीपण घातलं. पुसल्यावर जास्त येते असं जे लोक म्हणतात ते खरंच आहे.

तिचं हायग्रोमीटर ९९ दाखवत होतं. त्यावर फार विश्वास ठेवायचा नाही, स्वस्तातले मीटर ९० च्या वर गेले की काहीही दाखवतात. मीटर तपासायची एक सोपी युक्ती आहे. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळता कामा नये. ते टोपण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून घरातच रात्रभर ठेवा, सकाळी मीटर ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवत असेल तर तुमचा मीटर ६ ने जास्त दाखवतो, तेवढे वजा करत जा. पण त्याहून चांगला मीटर म्हणजे किचनचा वजनकाटा. आठवड्यातून एकदा चीजचं वजन करा. सुरुवातीचे दिवस सोडले तर किलोभर चीज आठवड्याला ८ ते १२ ग्रॅम कमी होत असेल तर डब्याचं बरं चाललंय. ३०-४० ग्रॅम जात असेल तर फार कोरडं, भेगा येणार. आणि वजन हललंच नाही तर डबा ओला आहे, मीटर काहीही म्हणो. बहिणीचं आठवड्यात ३ ग्रॅम कमी झालं होतं.

मग काय बदललं ते सांगतो. पहिलं म्हणजे ओलं फडकं बाहेर. कारण पहिल्या तीन-चार आठवड्यांत चीज स्वतःच इतकं पाणी सोडतं की बंद डबा आपोआप ९० च्या वर जातो, त्यात अजून पाणी कशाला. ओलं फडकं लागतं ते नंतर, साल घट्ट झाली आणि वजन कमी व्हायचा वेग मंदावला की. रेसिपीत हे वेगवेगळं लिहिलेलं नसतं म्हणून सगळे पहिल्या दिवसापासून ठेवतात.

दुसरं, डबा बदलला. चीजने डब्याची चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त जागा घेऊ नये असा अंदाज धरतात. तिचं व्हील साधारण १ लिटर जागेचं, डबा २ लिटरचा, म्हणजे अर्धा भरलेला. ५ लिटरचा डबा घेतला. मोठा डबा म्हणजे हवा जास्त, चढउतार कमी आणि भिंती चीजपासून लांब.

तिसरं आणि सगळ्यात जास्त फरक पडलेलं काम, डब्याच्या तोंडावर कोरडं सुती फडकं ताणून बसवायचं आणि त्यावर झाकण नुसतं टेकवायचं, क्लिप लावायच्या नाहीत. झाकणाचं पाणी फडक्यात जिरतं, चीजवर पडत नाही, आणि तेच फडकं नंतर हळूहळू सुकताना डब्यात थोडी ओल सोडत राहतं. पहिला आठवडा रोज फडकं बदलायचं, नंतर दोन-तीन दिवसांनी. झाकणावर थर्माकोलचा तुकडा किंवा जुन्या टॉवेलची घडी टाकली की झाकण एवढं गारच होत नाही. डबा वरच्या कप्प्यातून मधल्या कप्प्यात, मागच्या गार प्लेटला टेकणार नाही असा. तरीपण दव येत असेल तर डब्याच्या एका बाजूखाली पेन्सिल ठेवून तिरका करा, पाणी एका कडेला ओघळतं आणि रोज पुसून घेता येतं.

चौथं टेंपरेचर. मुरवण्यासाठी वेगळा जुना फ्रीज असेल तर प्लगवाला डिजिटल कंट्रोलर लावायचा, सेटिंग १२ आणि फरक २ डिग्री, म्हणजे १४ ला चालू आणि १२ ला बंद. त्याचा सेन्सर बरेच जण पाण्याच्या बाटलीत बुडवतात, बिअरवाल्यांचं बघून, पण इथे ते उलटं पडतं. पाणी गार व्हायला वेळ लागतो, तोवर कंप्रेसर चालतच राहतो आणि फ्रीजमधली हवा खूप खाली जाते, परत झाकणावर दव. सेन्सर डब्याच्या शेजारी हवेत लटकवा, कंट्रोलरमध्ये कंप्रेसर परत चालू व्हायच्या आधी ५ मिनिटं थांबायचं सेटिंग ठेवा आणि रिकाम्या कप्प्यात भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा म्हणजे हवा एवढी वर-खाली होत नाही.

वेगळा फ्रीज नाही, घरचाच वापरायचा आहे, तरी चालतं पण ४-५ डिग्रीला चीज फार हळू मुरतं, तीन महिन्यांची चव सहा-आठ महिन्यांनी येईल असं धरून चाला. भाजीच्या ड्रॉवरमध्ये जरा उबदार असतं, डबा तिथे ठेवा. फक्त त्याच ड्रॉवरमध्ये उघडं लिंबू, पाव, अर्धा नारळ नको. ब्लू चीजचा तुकडा असेल तर तो दुसऱ्या फ्रीजमध्येच, त्याची बुरशी फार चिवट असते, एकदा डब्यात शिरली की हाकलता नाकी नऊ येतात.

बहिणीच्या चीजवर आधीची बुरशी होती तिचं काय केलं? आधी बाल्कनीत नेऊन कोरड्या नेलब्रशने झटकली, किचनमध्ये झटकायची नाही, सगळं उडून परत पीठ-पावावर बसतं. मग व्हिनेगरमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याच्या टोकावर मीठ घेऊन फक्त ठिपक्यांवर चोळलं, अख्खं चीज धुवायचं नाही. मग २४ तास घरच्या मोठ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये जाळीवर उघडं, वरून चाळणीचं झाकण, सहा-सात तासांनी उलटत. डबा, जाळी गरम पाण्याने धुवून उन्हात. बोट लावल्यावर साल गार लागली पाहिजे पण चिकट किंवा ओली नाही, तेव्हाच परत डब्यात. पुढच्या आठवड्यात वजन ११ ग्रॅम कमी झालं. ठिपके आले, पण दोन-चार, बारीक, कोरडे, ब्रशने जाणारे. असंच असतं.

हे फ्रॉस्ट-फ्रीमध्ये सुकवायचं मी मुद्दाम सांगतोय, खास करून पावसाळ्यात. जुलैमध्ये पुणे काय मुंबई काय, घरातली हवाच ८५-९० टक्के असते, ओट्यावर पंख्याखाली दोन दिवस ठेवा नाहीतर चार, चीज सुकत नाही, नुसतं उबदार आणि ओलं राहतं, म्हणजे बुरशीची मजाच. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमधला फॅन भाज्या सुकवतो म्हणून आपण वैतागतो, तोच इथे कामाला येतो. पण दीड-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, तिथली हवा फार कोरडी, साल तडकते.

सुकवूनही साल चिकटच राहत असेल, बुळबुळीत लागत असेल, तर दोष डब्यात नाही, मीठपाण्यात आहे. साध्या पाण्याचं ताजं मीठपाणी चीजमधलं कॅल्शियम खेचून घेतं आणि वरचा थर विरघळल्यासारखा होतो, तो कधीच धड सुकत नाही. १ लिटर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम मीठ घालून मीठपाणी कराल तेव्हा त्यात एक छोटा चमचा कॅल्शियम क्लोराईडचं तेच द्रावण जे दुधात घालतो, आणि पाव चमचा व्हिनेगर घालायचं. किलोभराच्या व्हीलला सहा-सात तास पुरतात. आधीच बुळबुळीत झालेलं असेल तर कोरडं मीठ चोळून फ्रॉस्ट-फ्रीमध्ये एक दिवस, बऱ्याचदा सावरतं. सालीवर केशरी-गुलाबी चिकट थर आणि मोज्यासारखा वास येत असेल तर तो बॅक्टेरियाचा प्रकार आहे, काही चीजमध्ये तो मुद्दाम वाढवतात, पण गौड्यावर आला म्हणजे डबा फार ओला आहे एवढं समजा. राखाडी लांब केस, टोकाला काळे ठिपके, हा म्युकर, तोही ओल्या सालीवरच येतो. तो आला की ब्रश नको, मीठ लावून दाबून बसवा आणि मग पुसा, नाहीतर पूर्ण डब्यात पसरतो.

साल एकदा कोरडी आणि बऱ्यापैकी स्वच्छ झाली, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात, की मी तूप लावतो. इंग्लंडमध्ये सॉमरसेटकडे चेडरला कापड गुंडाळून वरून डुकराची चरबी चोळतात, बुरशी कापडावर वाढते, चीजवर नाही. आपल्या बऱ्याच घरांत चरबी चालणार नाही, तूप तेच काम करतं, १२ डिग्रीला घट्ट बसतं. चीज पूर्ण कोरडं करायचं, कढवलेलं तूप कोमट करून हाताने अगदी पातळ चोळायचं, चकाकी आली की बास. गौड्याला एवढंच पुरतं, चेडरला तुपात भिजवून पिळलेलं मलमलचं कापड वरून घट्ट चिकटवा, मधे हवेचा फुगा राहू देऊ नका कारण त्या फुग्यातच निळी बुरशी राहते. जाड थर दिला तर तूप खवट होतं आणि तो वास चीजमध्ये उतरतो. दोन आठवड्यांनी बघा, ठिपका आला असेल तर तुपाच्याच फडक्याने पुसा, पाणी लावू नका. बहिणीने असंच केलं आणि नंतर तिचं आठवड्याचं काम म्हणजे उलटणं, झाकणाचं फडकं बदलणं एवढंच राहिलं.

ज्यांना हे सगळं झेपत नाही त्यांनी सरळ व्हॅक्यूम पिशवी वापरावी. सालीची चव येत नाही, पण गौडा-चेडर तीत छान मुरतात आणि ह्युमिडिटीचा विषयच संपतो. दोन-तीन आठवडे सुकवून मगच पॅक करा. आत पाणी सुटलं तर फोडून, पुसून, सुकवून परत पॅक. पिशवीत बुरशी दिसली म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय, सील बघा. वॅक्सचंही तसंच, वॅक्सखाली निळं दिसलं तर टाचणीएवढं भोक शोधा, नाहीतर ओलं असताना वॅक्स केलं होतं. नॅटामायसिनबद्दल बरेच विचारतात, ते हार्ड चीजच्या फक्त वरच्या पृष्ठभागावर वापरायला आपल्याकडे परवानगी आहे, बुरशी आणि यीस्टवर चालतं, बॅक्टेरियावर नाही. पण टपकणारं झाकण तसंच ठेवून वर नॅटामायसिन मारायचं हे मला पटत नाही.

आता भेगा. साल तडकली आणि भेगेत निळं गेलं तर वरून किती पुसलं तरी ते आत राहतं. भेग बारीक आणि ताजी असेल, आत रंग नसेल, तर तुपाने भरून टाका आणि डब्यात या वेळी खरंच ओलं फडकं ठेवा, वजनाकडे लक्ष ठेवून. आत रंग दिसला तर मुरवत ठेवायचा हट्ट सोडा आणि चीज कापा. हार्ड चीजमध्ये बुरशीच्या चारी बाजूंनी आणि खोलीतही किमान अडीच सेंटीमीटर कापून टाकायचं, सुरी बुरशीतून नेऊन स्वच्छ भागात घालायची नाही, उरलेलं खाता येतं किंवा व्हॅक्यूम करून पुढे मुरवता येतं. भेग गाभ्यापर्यंत निळी-काळी असेल, किंवा चीज फुगलंय, दाबल्यावर स्पंजसारखं लागतंय, कापल्यावर घाण वास येतोय तर चव घेऊन बघायच्या भानगडीत न पडता टाकून द्या, आणि पुढचं चीज त्याच डब्यात ठेवायच्या आधी ती बांबूची किंवा प्लास्टिकची जाळी पण बदला, चाळीस-पन्नास रुपयांची तर असते.